एका नजरेत प्रस्ताव: निर्णय घेणाऱ्यासाठी सारांश स्लाइड कशी तयार करावी

बावीस स्लाइडांचे सादरीकरण तयार करून आपण प्लांट हेडच्या केबिनमध्ये जातो आणि तिथे कळते की त्यांच्याकडे दहाच मिनिटे आहेत, कारण पुढच्या बैठकीसाठी ग्राहक कंपनीचे लोक येऊन बसले आहेत. अशा वेळी बावीसपैकी एकच स्लाइड खऱ्या अर्थाने वाचली जाते, आणि ती म्हणजे पहिली. तिला आपण एक्झिक्युटिव्ह समरी म्हणतो, पण बहुतेक नवखे सहकारी तिथे प्रस्तावाची अनुक्रमणिका किंवा उरलेल्या स्लाइडांतील एकेक ओळ उचलून केलेली यादी ठेवतात. सारांश स्लाइडचे काम वेगळे आहे. तेवढे एकच पान वाचून व्यवस्थापकाला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक गोष्ट तपासून या’ यांपैकी एक उत्तर देता आले पाहिजे.

ते कसे साधावे हे एका प्रस्तावाच्या आधारे पाहू. चाकण परिसरात आढळतो तसा, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथे 75 किलोवॅटचा एक स्क्रू कॉम्प्रेसर आहे. दुपारच्या पाळीत सर्व मशिन एकाच वेळी चालू झाल्या की लाइनमधील हवेचा दाब 5.5 बारपर्यंत उतरतो, तर न्यूमॅटिक क्लॅम्पना किमान 6 बार लागतो. उत्पादन विभाग म्हणतो की 22 लाखांचा दुसरा कॉम्प्रेसर घ्या. देखभाल विभागातील तरुण अभियंत्याचे म्हणणे असे की कॉम्प्रेसर पुरेसा आहे, हवा पाइपांमधून गळते आहे आणि 12 लाखांत ती गळती बंद करता येईल. येथील आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ते ज्या पद्धतीने काढले आहेत ती पद्धत कारखान्यांत रोज वापरली जाते.

पहिली पायरी: निर्णय कोण घेणार आणि त्याची मर्यादा किती

संगणक उघडण्यापूर्वी लेखा विभागात जाऊन एक गोष्ट विचारून घ्यावी: प्लांट हेडना स्वतःच्या सहीने किती रुपयांपर्यंतचा भांडवली खर्च मंजूर करता येतो? बहुतेक कंपन्यांत खर्चाच्या मंजुरीचे अधिकार पदानुसार ठरवून दिलेले असतात. आपल्या उदाहरणात ही मर्यादा 10 लाख आहे असे समजू. प्रस्ताव 12 लाखांचा असल्यामुळे तो प्लांट हेडच्या शिफारशीसह मुख्य कार्यालयात जाणार, आणि तिथे आपण उपस्थित नसणार.

एवढ्या एका माहितीने स्लाइडचे स्वरूप बदलते. ती समजावून सांगणारा कोणी सोबत नसेल, तर आपण तोंडी सांगू म्हणून सोडून दिलेली प्रत्येक गोष्ट तिच्यावर लिहिलेली असायला हवी. शिवाय वाचणारी व्यक्ती वित्त क्षेत्रातील असण्याची शक्यता आहे, म्हणून ‘अनलोड’ किंवा ‘रिंग मेन’ यांसारखे शब्द तिला परिचित आहेत असे गृहीत धरता येत नाही.

मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे साडेनऊ आणि अडीच लाखांचे दोन तुकडे करावेत, असा सल्ला कोणीतरी देतोच. तो मुळीच ऐकू नये. लेखापरीक्षणात एकाच कामाच्या दोन ऑर्डरी लगेच दिसतात, आणि त्यानंतर आपल्या प्रत्येक प्रस्तावाकडे संशयाने पाहिले जाते.

दुसरी पायरी: पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत

स्लाइडच्या रिकाम्या चौकटीत थेट लिहायला बसलो की मन मांडणीत गुंतते आणि विचार अपुरा राहतो. म्हणून आधी साध्या वहीत पूर्ण वाक्यांत पाच उत्तरे लिहावीत. आपण नेमके काय मागतो आहोत? आज काय बिघडले आहे? यातून किती मिळेल आणि त्यासाठी किती लागेल? दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का सोडले? अंदाज चुकला तर काय होईल?

मजकूर वाढवण्याचा मोह इथे आवरला पाहिजे. प्रत्येक उत्तर दोन वाक्यांत बसत नसेल, तर दोष शब्दांत नसून समजुतीत आहे असे मानून पुन्हा जागेवर जाऊन पाहावे. आपल्या अभियंत्याने पहिल्यांदा लिहिलेले उत्तर असे होते: ‘संपूर्ण संयंत्रात हवेच्या गळतीचे प्रमाण लक्षणीय असून ऊर्जेचा अपव्यय होत आहे.’ हे वाक्य कोणत्याही कारखान्याला लागू पडते, आणि म्हणूनच ते स्लाइडवर चालत नाही. मोजमापानंतर तेच उत्तर असे झाले: ‘कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी 37.5 टक्के हवा मशिनपर्यंत पोहोचण्याआधी गळते. ती वाचली तर दुपारच्या पाळीत दाब टिकतो.’ ज्या वाक्यातून आपला कारखाना ओळखू येतो, तेच वाक्य पुढे न्यावे.

ज्या कारखान्यांचा जपानी पद्धतींशी संबंध आला आहे, तिथे टोयोटाने रूढ केलेल्या ए3 अहवालाची सवय असते. संपूर्ण समस्या, तिचे कारण आणि उपाय 297 × 420 मिलिमीटरच्या एकाच कागदावर मांडण्याची ती रीत आहे. असा ए3 आधीच तयार असेल, तर ही पाच उत्तरे त्यातच सापडतील. मात्र ए3 जसाच्या तसा लहान करून स्लाइडवर चिकटवू नये. तो हातात धरून, टेबलाभोवती बसून वाचण्यासाठी असतो.

तिसरी पायरी: स्लाइडवर जाणारा प्रत्येक आकडा उलटा तपासावा

सारांश स्लाइडवर मोजकेच आकडे असतात, म्हणून त्यांतला एक जरी डळमळीत निघाला तरी सगळा प्रस्ताव परत येतो. हा भाग मी सर्वांत जास्त वेळ देऊन करतो, आणि नवख्यांनीही निम्मा वेळ इथेच घालवावा असे मला मनापासून वाटते.

पहिला आकडा गळतीचा आहे. रविवारी उत्पादन बंद असताना, मशिनकडे जाणारे व्हॉल्व्ह नेहमीसारखे उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा कोणी वापरत नसल्यामुळे तो फक्त गळती भरून काढण्यासाठी लोडवर येतो, म्हणजे हवा दाबू लागतो, आणि दाब पूर्ण झाला की अनलोड होतो, म्हणजे नुसता फिरत राहतो. चार-पाच वेळा स्टॉपवॉचने वेळ घेऊन सरासरी काढली, तेव्हा लोडचा काळ 3 मिनिटे आणि अनलोडचा 5 मिनिटे आला. आठ मिनिटांपैकी तीन म्हणजे 37.5 टक्के. कॉम्प्रेसरची क्षमता 450 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 450 घनफूट, असल्यामुळे सुमारे 169 सीएफएम हवा गळते आहे, आणि उत्पादनाला 281 सीएफएमच उरते. दुपारच्या पाळीची कमाल गरज 330 सीएफएम आहे. दाब का पडतो याचे उत्तर या वजाबाकीत मिळाले.

दुसरा आकडा बचतीचा आहे आणि नेमका इथेच घोटाळा होतो. गळती 37.5 वरून 10 टक्क्यांवर आणली तर 27.5 टक्के हवा वाचेल. विक्रेत्याच्या कागदावर हिशेब असा होता की लोडवरील 80 किलोवॅटचे 27.5 टक्के म्हणजे 22 किलोवॅट, वर्षाचे 6,600 तास आणि 9 रुपयांचा दर धरून वार्षिक बचत 13 लाख. हा हिशेब दिसायला बिनचूक आहे, पण स्थिर वेगाचा कॉम्प्रेसर अनलोड झाल्यावर बंद पडत नाही. तो त्या काळातही वीज घेतो. पॅनेलवरील मीटरवर पाहिले तर अनलोडला 25 किलोवॅट दिसतात. म्हणजे हवेची गरज घटल्यावर वाचते ती 80 आणि 25 यांतील तफावत, 55 किलोवॅट. तिचे 27.5 टक्के म्हणजे सुमारे 15 किलोवॅट, वर्षाला जवळपास 1 लाख युनिट आणि 9 लाख रुपये.

अशाच एका प्रस्तावात मी विक्रेत्याचा आकडा न तपासता स्लाइडवर ठेवला होता. लेखा विभागातील एका ज्येष्ठ बाईंनी एवढेच विचारले, ‘‘अहो, कॉम्प्रेसर नुसता फिरतो तेव्हा वीज खात नाही का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तो प्रस्ताव पुढच्या आर्थिक वर्षात गेला. तेव्हापासून विक्रेत्याचा कोणताही आकडा मी स्वतः मीटरवर पाहिल्याशिवाय वापरत नाही.

तिसरी तपासणी खर्चाची आहे. गळती एकदा बंद केली म्हणजे कायमची गेली असे होत नाही. होज घासतात, कपलिंग सैल होतात, फिल्टर-रेग्युलेटरच्या सील झिजतात. दरवर्षी तपासणी आणि सुट्या भागांसाठी 1 लाख धरले, तर निव्वळ बचत 8 लाख होते आणि 12 लाखांचा खर्च 18 महिन्यांत वसूल होतो. हा 1 लाख लपवला असता तर 16 महिने दिसले असते. दोन महिन्यांच्या आकर्षक फरकासाठी विश्वास पणाला लावू नये.

शेवटी, अंदाज चुकला तर काय, हेही याच वेळी मोजून घ्यावे. गळती 10 टक्क्यांऐवजी 20 टक्क्यांपर्यंतच उतरली असे समजा. तेव्हा वार्षिक बचत सुमारे 5.7 लाख, देखभाल वजा जाता 4.7 लाख, आणि वसुलीला साधारण अडीच वर्षे. पण त्या स्थितीतही उत्पादनाला 360 सीएफएम हवा मिळते, जी 330 च्या गरजेपेक्षा जास्त आहे. म्हणजे काम अर्धवट यशस्वी झाले तरी नवा कॉम्प्रेसर लागत नाही. प्रस्तावातील सर्वांत भक्कम वाक्य हेच आहे, आणि हिशेब केल्याशिवाय ते हाती आले नसते.

एक खबरदारी आणखी. नवा कॉम्प्रेसर न घेतल्याने वाचणारे 22 लाख बचतीत मिळवून ‘पहिल्याच वर्षी 30 लाखांचा फायदा’ असे लिहिण्याचा मोह होतो. ते 22 लाख अजून कोणी मंजूर केलेले नाहीत. मंजूर न झालेला खर्च वाचला असे म्हणता येत नाही. त्याची जागा पर्यायांच्या तुलनेत आहे.

चौथी पायरी: शीर्षक म्हणजे निर्णयाचे वाक्य

‘कॉम्प्रेस्ड एअर प्रणाली सुधारणा प्रस्ताव’ हे शीर्षक फाइलच्या नावासाठी ठीक आहे. स्लाइडच्या शीर्षकात मात्र प्रस्तावाचे सार पूर्ण वाक्यात आले पाहिजे, कारण घाईत असलेली व्यक्ती बाकी काही वाचो न वाचो, शीर्षक वाचतेच.

मराठीत लिहिताना इथे एक अडचण येते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्य केले की काय करायचे आहे हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला ओळीच्या टोकापर्यंत जावे लागते. पहिला मसुदा पाहा: ‘दुपारच्या पाळीत हवेचा दाब कमी पडत असल्यामुळे नवीन कॉम्प्रेसर खरेदी करण्याऐवजी विद्यमान वितरण प्रणालीतील गळती बंद करण्यासाठी 12 लाख रुपयांचा भांडवली खर्च मंजूर व्हावा.’ यात चूक काहीच नाही, पण पहिल्या अर्ध्या भागात फक्त पार्श्वभूमी आहे. त्याऐवजी दोन लहान वाक्ये करावीत आणि कृती आधी आणावी:

‘12 लाखांत हवेची गळती बंद करावी, 22 लाखांचा नवा कॉम्प्रेसर लागणार नाही. खर्च 18 महिन्यांत वसूल होईल.’

शीर्षक दोन ओळींत बसले पाहिजे. तिसरी ओळ लागत असेल तर अक्षर लहान करू नये, शब्द कमी करावेत. ‘विद्यमान’, ‘सदर’, ‘अनुषंगाने’, ‘सर्वंकष’ हे शब्द आधी काढावेत. ते गेल्याने अर्थात काही उणे होत नाही. ‘करावी’ की ‘करण्यास मंजुरी मिळावी’ हा प्रश्न कंपनीच्या शिष्टाचाराचा आहे. वरिष्ठांना थेट ‘करावी’ म्हणणे उद्धट वाटेल अशी भीती असल्यास विनंतीची भाषा स्लाइडच्या तळाच्या पट्टीत ठेवता येते. शीर्षक हे आपल्या अभ्यासाचे मत आहे आणि ते ठामपणे मांडण्यात अनादर नाही.

पाचवी पायरी: शीर्षकाखालची मांडणी

शीर्षकाखाली तीन भाग पुरतात: डावीकडे एक चित्र, उजवीकडे पर्यायांची तुलना आणि तळाला मागणीची पट्टी. याहून अधिक चौकटी केल्या की नजर कुठे थांबावी हे ठरत नाही.

चित्र एकच असावे आणि त्याने शीर्षकातील दावा सिद्ध करावा. विजेच्या बिलाचा बारा महिन्यांचा आलेख हाताशी असतो म्हणून अनेक जण तोच लावतात, पण त्यातून आपला दावा दिसत नाही. इथे दोन आडव्या पट्ट्या काढाव्यात, दोन्ही 450 सीएफएम लांबीच्या. वरची ‘आज’: 281 उत्पादनाला, 169 गळती. खालची ‘कामानंतर’: 405 उत्पादनाला, 45 गळती. मग 330 वर एक उभी रेघ ओढावी आणि तिच्यावर ‘दुपारच्या पाळीची गरज’ असे लिहावे. वरच्या पट्टीतील उत्पादनाचा भाग रेघेच्या अलीकडे संपतो, खालचा तिच्या पलीकडे जातो. ज्यांना कॉम्प्रेसरची काहीच माहिती नाही, त्यांनाही हे तीन सेकंदांत समजते. गळतीचा भाग लाल आणि उत्पादनाचा राखाडी-निळा, एवढे दोनच रंग पुरेत. आकडे पट्ट्यांच्या आतच लिहावेत, म्हणजे अक्ष आणि जाळीच्या रेघा काढून टाकता येतात.

उजवीकडच्या तुलनेत तीन ओळी येतात: काहीच न करणे, नवा कॉम्प्रेसर घेणे आणि गळती बंद करणे. प्रत्येकासमोर खर्च, दाब टिकेल की नाही आणि वार्षिक वीजखर्चात होणारा बदल, एवढेच तीन रकाने. आपल्याला न पटणारे पर्यायही प्रामाणिकपणे मांडावेत. नव्या कॉम्प्रेसरने दाबाचा प्रश्न नक्कीच सुटतो, हे त्या ओळीत लिहिलेच पाहिजे; तो सुटतो, पण गळती तशीच राहून विजेचा खर्च वाढतो. उत्पादन विभागाच्या मागणीला आपण समजून घेतले आहे हे वाचणाऱ्याला इथे दिसते. ते दिसले नाही, तर प्रस्ताव दोन विभागांच्या भांडणासारखा वाटू लागतो.

तळाची पट्टी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा विसरली जाते. तिच्यात कोणाकडून, काय आणि केव्हापर्यंत हवे ते लिहायचे. ‘लवकरात लवकर’ लिहिले तर त्याला कोणी तारीख मानत नाही. तारखेमागचे कारण दिले तर मानतात. आपल्या उदाहरणात मुख्य पाइपलाइन उघडायची तर संपूर्ण कारखान्याची हवा बंद करावी लागते, आणि सलग चार दिवस बंद फक्त दिवाळीत मिळतो. साहित्य यायला पाच आठवडे लागतात. म्हणून मंजुरी दिवाळीच्या सहा आठवडे आधी हवी. ती हुकली तर काम पुढच्या दीर्घ सुट्टीपर्यंत थांबते. हे दोन वाक्यांत पट्टीवर येते.

अंदाज चुकण्याची शक्यताही याच पट्टीच्या वर, एका ओळीत ठेवावी. सर्व मिळून स्लाइडवरचा मजकूर असा होतो:

> 12 लाखांत हवेची गळती बंद करावी. 22 लाखांचा नवा कॉम्प्रेसर लागणार नाही. खर्च 18 महिन्यांत वसूल होईल.
>
> चित्र: आज 281 + 169 गळती | कामानंतर 405 + 45 गळती | गरज 330 (सर्व आकडे सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट हवा)
>
> काहीच न करणे: खर्च नाही, दाब पडतच राहील, वीजखर्च आहे तसा.
> नवा कॉम्प्रेसर: 22 लाख, दाब टिकेल, वीजखर्च वाढेल.
> गळती बंद करणे: 12 लाख, दाब टिकेल, वीजखर्च वर्षाला 9 लाखांनी कमी, देखभालीचा 1 लाख वजा जाता 8 लाख.
>
> जोखीम: गळती 20 टक्क्यांपर्यंतच उतरली तरी 360 सीएफएम मिळेल, गरज भागेल, मात्र खर्च वसुलीला अडीच वर्षे लागतील.
>
> विनंती: 12 लाखांच्या भांडवली खर्चास दिवाळी बंदच्या सहा आठवडे आधी मंजुरी मिळावी. साहित्यास पाच आठवडे लागतात आणि पाइपलाइन त्याच चार दिवसांत उघडता येते.

यात काय नाही हेही पाहावे. सध्याच्या गळतीमुळे वर्षाला सुमारे 12 लाखांची वीज वाया जाते हा आकडा खरा आहे आणि जोरदारही आहे. पण खर्चही 12 लाखच असल्यामुळे एकाच पानावर दोन वेगळ्या अर्थांचे ‘12 लाख’ आले असते आणि वाचणारा गोंधळला असता. तो आकडा पुढच्या स्लाइडवर गेला. अल्ट्रासॉनिक यंत्राने सापडलेल्या गळतींची यादी, विक्रेत्यांची दरपत्रके, रविवारच्या चाचणीची नोंद हे सारे मागे, क्रमांक दिलेल्या परिशिष्ट स्लाइडांत जाते.

सहावी पायरी: अक्षर, अंक आणि एकके

रुंद स्लाइड 33.87 सेंटिमीटर रुंद असते. व्यवस्थापक ती मेलमधून मोबाइलवर आडवी धरून उघडतात तेव्हा पडद्याची रुंदी 15 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे अक्षर निम्म्याहूनही लहान होते. स्लाइडवरील 14 पॉइंटचा मजकूर तिथे जेमतेम 6 पॉइंटचा दिसतो. म्हणून शीर्षक 28, मजकूर 18 आणि कोणतेही अक्षर 16 च्या खाली नाही, हा नियम मी पाळतो. मजकूर त्यात बसत नसेल तर मजकूर जास्त आहे.

देवनागरीत वेलांट्या आणि रफार वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे ओळींमधले अंतर थोडे वाढवावे, 1.1 ते 1.2 पट ठेवल्यास मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर मांडणी विस्कटते. विंडोजवर बहुधा असणारा Nirmala UI वापरावा किंवा पाठवताना पीडीएफ करावी. अंक 1, 2, 3 असे किंवा १, २, ३ असे, एकाच पद्धतीचे ठेवावेत. आलेखातील अंक एका लिपीत आणि मजकुरातील दुसऱ्या लिपीत असले की नजर अडखळते.

पैशाचे एकक वाचणाऱ्याच्या सवयीचे असावे. परदेशी मूळ कंपनीला आकडे मिलियनमध्ये लागतात, तिथे 12 लाखांचे 1.2 मिलियन करावे, पण मग सर्वच रकमा तशा कराव्यात.

सातवी पायरी: वीस सेकंदांची चाचणी

स्लाइड तयार झाली की ती दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याला, म्हणजे खरेदी किंवा मनुष्यबळ विभागातील कोणाला तरी, वीस सेकंद दाखवावी आणि झाकावी. मग तीन प्रश्न विचारावेत: आम्ही काय मागतो आहोत, किती रुपये, आणि हे केले नाही तर काय होईल? तिन्ही उत्तरे आली तर स्लाइड झाली. रक्कम सांगता आली पण मागणी सांगता आली नाही, तर शीर्षकातील क्रियापद मागे राहिले आहे. तिसऱ्या प्रश्नावर अडखळले, तर तुलनेतील ‘काहीच न करणे’ ही ओळ नीट दिसत नाही. ‘छान झाली आहे’ असा अभिप्राय आला तर त्यावर थांबू नये, प्रश्न विचारावेतच.

त्यानंतर एक कृष्णधवल प्रिंट काढून पाहावी. अनेक कार्यालयांत मंजुरीची फाइल अजूनही कागदावर फिरते, आणि लाल व निळा हे दोन्ही रंग छापल्यावर सारखेच करडे होण्याची शक्यता असते. तसे झाले तर गळतीच्या भागात तिरक्या रेघांची जाळी भरावी.

प्लांट हेडकडे जाण्यापूर्वी हीच स्लाइड उत्पादन प्रमुखांना आणि लेखा विभागाला दाखवणे हे शिष्टाचाराचे तर आहेच, पण उपयोगाचेही आहे. नव्या कॉम्प्रेसरची मागणी ज्यांनी केली, त्यांना आपण ती बाजूला ठेवल्याचे बैठकीत पहिल्यांदा कळू नये. 330 हा आकडा त्यांच्याच पाळीच्या नोंदीतून आला असेल तर तो त्यांना मान्य आहे का, हे आधीच विचारावे. गरज 350 निघाली, तर मूळ अंदाजात अडचण नाही, पण 20 टक्क्यांच्या स्थितीत हाताशी फक्त 10 सीएफएम उरतात आणि जोखमीची ओळ नव्याने लिहावी लागते.

पाठवताना

पीडीएफमध्ये सारांश स्लाइड पहिली ठेवावी, तिच्याआधी बोधचिन्हाचे किंवा ‘सुप्रभात’ लिहिलेले पान नको. मेलच्या विषयात शीर्षकाचा पहिला भाग आणि तारीख लिहावी: ‘हवेची गळती, 12 लाख, मंजुरीसाठी’ आणि पुढे अंतिम दिवस. मेलच्या मजकुरात तळाच्या पट्टीतील दोन वाक्ये तशीच उतरवावीत, कारण जोडलेली फाइल प्रवासात उघडली जाईलच असे नाही. प्लांट हेडनी शिफारस करताना एखादा आकडा बदलायला सांगितला, तर तो सारांश स्लाइडवर, मेलमध्ये आणि परिशिष्टात अशा तिन्ही ठिकाणी बदलून, फाइलच्या नावात नवी तारीख टाकून, मगच मुख्य कार्यालयाकडे पाठवावी.